उजव्या मनगटावरची चावी

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय आणि या चाळीस वर्षांत मी एकदाही चुकलो नव्हतो. हे मी नाही, माझं दुकान सांगतं. दुकानात मी एकटाच असतो, त्यामुळे सांगणारा मीच, पण ते असो. गिऱ्हाईक तावातावाने येतं, म्हणतं, "तुम्ही दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतंय." निम्म्या वेळा त्याने चावीच दिलेली नसते. उरलेल्या निम्म्यांपैकी कुणी ते स्पीकरच्या चुंबकावर ठेवून झोपलेलं असतं, कुणी घालून पोहलेलं असतं. मी त्यांचं ऐकून घेतो, डोळ्याला भिंग लावतो आणि त्यांचा अपमान करतो. तरी ती पुन्हा माझ्याकडेच येतात, कारण गावभर फिरलं तरी इतकं बारीक काम करणारा दुसरा कुणी सापडत नाही.

तर असा मी. आणि माझी सून एक दिवस जेवायला बसताना म्हणाली, "बाबा, तुम्ही दिलेलं घड्याळ मागे पडतंय."

हे घड्याळ साधंसुधं नव्हतं. मी पहिल्या कमाईतून घेतलेलं, रोज चावी द्यायचं, पांढऱ्या डायलचं. त्याच्यात तारखेची खिडकी नाही, बॅटरी नाही, उगीच नखरा नाही. बाजूची चावी जराशी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो, म्हणजे सेकंदावर वेळ लावता येते. तीस वर्षं ते माझ्या ड्रॉवरमध्ये फ्लॅनेलच्या फडक्यात होतं. मुलालाही दिलं नाही, कारण माझा मुलगा वस्तू हरवण्यात वाकबगार आहे. त्याला हरवता येणार नाही अशी बायको करून दिली, एवढं पुरे. लग्नानंतर ते घड्याळ मी सुनेच्या हातात ठेवलं. तिने ते लगेच उजव्या मनगटावर बांधलं.

मी म्हटलं, "उलट्या हातावर?"

"मी डावखुरी आहे ना, बाबा. हा हात कामाचा." तिने डावा हात हलवून दाखवला.

मी "बरं बरं" म्हटलं आणि विषय संपवला. घड्याळ हातावर आहे, हात तिचा आहे, आपलं काय जातंय, असा माझा विचार. एवढ्या चाळीस वर्षांत मी घड्याळ उघडण्याआधी भिंग लावलं, पण घड्याळ कुठल्या हातावर जाणार हे कधी विचारलं नव्हतं.

सून एका शिवणकामाच्या दुकानात कटर आहे. मापाचे कोट, सूट, लग्नाचे पोशाख शिवणारं दुकान, वर गिऱ्हाईकांसाठी आरसे आणि गालिचा, खाली तळघरात कापड कापायचं मोठं टेबल. त्या टेबलावर ती एकटी असते. तिची कात्री डावखुऱ्यांची खास आहे, ती कुणाला हात लावू देत नाही. सुरुवातीला मी एकदा गंमत म्हणून म्हटलं, "कात्री ती कात्री, त्यात डावं-उजवं काय?" त्यावर तिने मला अर्धा तास सुनावलं. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं खडूची रेषा झाकतं, कापणाऱ्याला रेषाच दिसत नाही. शिवाय बोटांचा जोर पाती एकमेकांवर दाबायच्या ऐवजी उलट फाकवतो, आणि कापड कापलं जायच्या ऐवजी चघळलं जातं. मी हात जोडले तेव्हा थांबली. मुलगी हुशार आहे, पण बोलायला लागली की घड्याळात स्प्रिंगची कमान असते तशी तिच्यातही भरलेली असते.

तक्रार आली त्या संध्याकाळी मी घास तसाच ताटात ठेवला. "किती मागे?"

"पंचवीस मिनिटं."

"एका दिवसात? तू चावी द्यायला विसरलीस."

"नाही बाबा. सकाळी मी चावी दिली, दुपारी बघितलं तर पंचवीस मिनिटं मागे. पण चालू होतं, टिकटिक ठणठणीत."

"चावी संपली तर घड्याळ थांबतं. मागे पडून पुन्हा चालू होत नाही."

"म्हणूनच तर सांगते, चावी मी दिली होती."

माझी बायको मध्ये पडली. "अहो, जेवू द्या तिला. ती खोटं कशाला बोलेल?"

मी काही खोटं म्हणालो नव्हतो. मनात म्हणालो होतो, ते वेगळं.

त्या पंचवीस मिनिटांची गोष्ट इतकी साधी नव्हती. वर गिऱ्हाईकांची ट्रायल असते तेव्हा कापणाऱ्याने खडू आणि टाचण्या घेऊन वेळेवर वर जायचं, अंगावर कोट चढवून कुठे सैल, कुठे घट्ट बघायचं, हा त्यांच्या दुकानाचा नियम. मोबाइल वरच्या टोपलीत जमा. तळघरातलं भिंतीवरचं घड्याळ मालकीणबाईंनी कधीच काढून टाकलंय, का तर "माणसं कापडापेक्षा काट्यांकडे जास्त बघतात." म्हणजे सुनेला वेळ सांगणारं एकच यंत्र, ते तिच्या मनगटावर. त्या दिवशी एक गिऱ्हाईक कोट अंगावर घेऊन आरशासमोर उभं राहिलं होतं, आणि बाई जिन्यावरून तीनदा हाक मारून थकल्या होत्या. शिलाईच्या मशिनांच्या आवाजात खाली काही ऐकू येत नाही.

आठवड्याने पुन्हा तेच. या वेळी चाळीस मिनिटं. ती वर गेली तेव्हा गिऱ्हाईकाने कोट काढून ठेवला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

ही भानगड नेमकी अशा वेळी आली की, त्यांचा मुख्य कटर त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होता. त्याची जागा म्हणजे वरचं टेबल, खिडकीजवळचं, उजेडाचं, सगळे कोट त्याच्या हातून जाणार. सुनेचा त्यावर किती जीव होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. जागेला दोन उमेदवार होते. एक माझी सून आणि दुसरा तिथलाच एक उंच कटर, जो वर आरशांपाशी असतो, म्हणून नेहमी वेळेवर उभा असतो आणि स्वतःला दुकानाचा राजा समजतो. काम तिचं सरस, पण तिसऱ्यांदा उशीर झाला तर जागा त्याला, असं बाईंनी तिला सरळ सांगितलं होतं.

"मग दुसरं घड्याळ घाल की," बायको म्हणाली. "बाजारात घड्याळांचा दुष्काळ आहे का?"

मी खुर्चीतून उठलोच. "माझ्या घड्याळाला दोष देऊन दुसरं घड्याळ? मी आहे की नाही अजून? दे इकडे."

सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळ काढून निमूट माझ्या हातात ठेवलं. तिचं "दुसरं घालते" हे वाक्य ओठांवर आलं होतं, मला दिसलं. ते मी तिच्या ओठांवरच ठेवलं, याची मला आज लाज वाटते.

दुकानात मी घड्याळ उघडलं. आतलं सगळं साफ, तेल ताजं, कमान भक्कम. सगळं व्यवस्थित असलं की घड्याळजीला आनंद होतो, पण तेव्हा मला जरा विजयाचाच आनंद झाला. मग तिच्या दुकानात ट्रायल नव्हत्या ते पाच दिवस मी ते स्वतःच्या हातावर घातलं. डाव्या, कारण घड्याळ डाव्या हातावर घालतात. शर्ट माझा बारा महिने अर्ध्या बाह्यांचा, दिव्याखाली काम करतो म्हणून थंडी वाजत नाही. रोज रात्रीच्या बातम्यांशी ताळा केला. पाच दिवसांत घड्याळ चौदा सेकंद मागे. चाळीस मिनिटं नव्हे, चौदा सेकंद!

मी ते घड्याळ तिच्यासमोर टेबलावर ठेवलं तेव्हा माझी मान घड्याळाच्या काट्यासारखी ताठ होती.

"घड्याळ ठणठणीत आहे. मी पाच दिवस घातलं. आता उशीर झाला तर माझ्यापाशी यायचं नाही."

"म्हणजे उद्या याच्यावर भरवसा ठेवू ना, बाबा? उद्या दुपारी मोठी ट्रायल आहे. तिसरी वेळ आली तर—"

"ठेव. माझी जबाबदारी."

आता पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून घरी आली, चपला काढल्या, ताटं मांडली आणि जेवताना घड्याळ माझ्या ताटाशेजारी ठेवलं.  मी ते उचलून कानाला लावलं.

शेवटी बायकोनेच विचारलं, "काय झालं ग?"

"पस्तीस मिनिटं," सून म्हणाली. "गिऱ्हाईक निघून गेलं. बाई म्हणाल्या, शनिवारी त्या उंच कटरलाच जागा देणार."

"आणि हे?" बायकोने घड्याळाकडे बोट दाखवलं.

"हे आता बरोबर चालू आहे."

ती झोपायला गेली तेव्हा तिने पाठ फिरवेपर्यंत डोळे पुसले नाहीत. ते मी बघितलं. बायको मात्र माझ्याकडे इतकं रोखून बघत होती की मी उठून पाणी प्यायला गेलो, आणि पाणी प्यायची मला अजिबात गरज नव्हती.

सकाळी मी दुकान उघडलं नाही. दारावर पाटी लावली, 'मालक कामावर गेले आहेत'. दुकानातला माणूस कामावर गेला याचा अर्थ गिऱ्हाईकांनी लावावा. मी सुनेबरोबर तिच्या तळघरात उतरलो. बाई वर नव्हत्या, उंच कटर आरसा पुसत होता, मला बघून त्याने असं तोंड केलं की जणू त्याच्या राज्यात कोणी घुसखोर आला.

"बाबा, तुम्ही इथे कशाला?"

"तू नुसतं काम कर. नेहमीसारखं. घड्याळ घाल, आणि मला विसर."

"तुम्हाला विसरायचं म्हणजे..." ती हसली. कालपासून पहिल्यांदाच.

मी कोपऱ्यात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलो. तळघर थंड होतं. ती लांब बाह्यांचा स्वेटर घालून होती, मनगटाला घट्ट बसणारी लवचीक कड असलेला. घड्याळ उजव्या मनगटावर, कडेखाली झाकलेलं. माझ्यासमोर तिने कमान भरलेल्या घड्याळावर नजर टाकली, माझ्या घड्याळाशी ताळा केला. दोन्ही सेकंदावर जुळत होती. मग तिने कापड पसरलं, खडूने आखलं, आणि कापायला घेण्याआधी डाव्या तळव्याने उजवी बाही सर्रकन कोपरापर्यंत वर सारली. मग उजव्या हाताने डावी.

"हे का करतेस?"

"कडेने खडू पुसतो ना, बाबा. रेष गेली की कापडच गेलं. काम झालं की खाली ओढते, थंडी वाजते."

"घड्याळ दाखव."

ती वैतागली, पण हात पुढे केला. मी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. सेकंदकाटा थांबलेला होता. चावी बाहेर आलेली होती, नखाएवढी, पण बाहेर.

मला सगळं एका क्षणात दिसलं आणि मी गठ्ठ्यांवर पुन्हा बसलो. त्या चावीची जागा मी आजवर कधी धड पाहिलीच नव्हती. घड्याळाची चावी तीनच्या आकड्याजवळ असते. डाव्या मनगटावर ती हाताच्या बोटांकडे तोंड करून असते. पण तेच घड्याळ उजव्या मनगटावर घातलं, आकडे सरळ ठेवले, की चावी कोपराकडे वळते. आणि घट्ट बाही कोपराकडे जोर लावून सारली की तिची कड घड्याळावरून घसरत जाते, चावी आणि घड्याळाचं अंग यांमधल्या फटीत अडकते आणि चावीला ओढून बाहेर काढते. काटा थांबला, घड्याळ झोपलं, मोजून तितका वेळ, जितका वेळ ती कापते.

"आता बाही खाली कर."

तिने बाही खाली ओढली. कड चावीवर आपटली, चावी टप्पदिशी आत गेली. सेकंदकाटा लगेच चालायला लागला, जणू काहीच झालं नव्हतं. गुन्हा करून आरोपी जागेवर हात बांधून उभा. म्हणून मला पाच दिवसांत काही सापडलं नाही, डाव्या हातावर, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात!

"एकदा अजून कर," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा चावी बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा आली. म्हणजे रोज नाही, चावीला वाटेल तेव्हा, आणि मग कापायला लागेल तितका वेळ, म्हणूनच कधी पंचवीस, कधी चाळीस.

"मग आधी दोन महिने कसं काही झालं नाही?" सून म्हणाली.

"तेव्हा स्वेटर होता का?"

तिने डोळे विस्फारले. "नव्हता. थंडी आता सुरू झाली."

"आणि चावी सैल आहे. आत एक पातळ पोलादी पट्टी असते, चावीला तिच्या जागी घट्ट धरून ठेवते. ती तीस वर्षांत मऊ झाली असणार. मी साफसफाई बघितली, तेल बघितलं, ही बोटाने ओढून बघितली नाही. टेबलावर ती व्यवस्थित वागत होती ना." मी घसा खाकरला. "तू बरोबर होतीस."

हे शेवटचं वाक्य मी जरा हळूच म्हटलं. पण तिने ऐकलं.

मी वर गेलो. बाई आल्या होत्या. बाई म्हणजे आडवा बांधा, तोंडात टाचण्या आणि टाचण्यांपेक्षा तिखट जीभ. त्यांची दोन घड्याळं आजवर मी दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा त्यांचा अपमान केला होता, त्यामुळे आमची चांगली ओळख होती.

"काय हो घड्याळजी, सुनेची वकिली करायला आलात?"

"वकिली नाही, कबुली. तिसऱ्या वेळेची चूक तिची नाही, माझी आहे. दुसऱ्याही वेळेची. पहिल्याही." आणि मी सुनेला वर बोलावून स्वेटरच्या बाहीसकट सगळा खेळ दाखवला. बाई चष्मा खाली ओढून तो चावीचा चमत्कार बघत होत्या. उंच कटरही आरसा सोडून मान लांब करत होता.

चौथ्यांदा बाही वर गेली तेव्हा चावी आज्ञाधारकपणे बाहेर आली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ बिघडल्याचा आनंद घेतला.

बाईंनी टाचण्या तोंडातून काढून तळहातावर ठेवल्या. "हे सगळं ठीक. पण हिने मला काल वेगळंच सांगितलं."

"काय?"

"म्हणाली, चावी द्यायला विसरले. तिन्ही वेळा मीच विसरले."

मी सुनेकडे बघितलं. ती खाली गालिच्याकडे बघत होती.

"खोटं कशाला बोललीस?" मी विचारलं.

"काय करणार, बाबा?" ती हळूच म्हणाली. "बाई तुमच्याकडे घड्याळं देतात. त्यांच्या ओळखीने आणखी बरेच जण तुमच्याकडे येतात. मी म्हटलं असतं, सासऱ्यांनी पाच दिवस तपासूनही मागे पडतं, तर तुमच्या दुकानाचं..." तिने स्वेटरची कड ओढली. "मला वाटलं, टेबल काय, अजून एखादं मिळेल."

 ज्या टेबलावर तिचा एवढा जीव होता, ते तिने माझ्या दुकानासाठी सोडून दिलं होतं. आणि मी तिला तोंडावर म्हटलं होतं, चावी द्यायला विसरलीस.

 उंच कटरने हळूच आरसा पुसायला घेतला.

"घड्याळ कधी दुरुस्त होईल?" बाईंनी मला विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत. पण मी ते नुसतं दुरुस्त करणार नाही, तिच्या हाताचं करून देणार."

"म्हणजे?"

मग मी बोलायला लागलो, आणि एकदा मी घड्याळाबद्दल बोलायला लागलो की कुणाची सुटका नसते. म्हटलं, बाई, डावखुऱ्याने घड्याळ घेताना पहिलं बघायचं ते चावी कुठे आहे. चावी नऊच्या आकड्याजवळ, म्हणजे डाव्या बाजूला असली तर उजव्या मनगटावर ती हाताच्या बोटांकडे येते, डाव्या हाताने सहज फिरवता येते. अशी मुद्दाम बनवलेली घड्याळं मिळतात. ती नाही मिळाली तर चारच्या आकड्याजवळची, लहान आणि घड्याळाच्या अंगात दबलेली चावी बघायची. किंवा चावी आत स्क्रूसारखी आवळली जाते अशी. तेही नको असेल तर बॅटरीचं किंवा हातावर आपोआप भरणारं, म्हणजे चावीशी रोजचा संबंधच नको. पण डाव्या चावीच्या घड्याळात तारीख असली तर ती कुठे आहे आणि सरळ आहे का, हेही बघायचं. नाहीतर आकडे उलटे बघत राहावं लागतं. घड्याळ आपल्या हाताला बसलं पाहिजे, हात घड्याळाला नव्हे.

"हे तुम्ही आधी तिला का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं.

 मी खरं तेच सांगितलं. "मी विचारलंच नाही."

बाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. "उद्या दहाला, साडेअकराला आणि दोनला ट्रायल आहेत. तिन्ही वेळेवर वर ये. मग टेबलाचं बघू." दाराशी जाताना त्या थांबल्या, आणि माझ्या सुनेला म्हणाल्या, "आणि यापुढे खोटं बोलायचं असेल तर जरा शिकून बोल. तुझे कान लाल होतात."

त्या दिवशी दुपारी मी दुकानात घड्याळ उघडलं. मऊ झालेली पट्टी काढून, जुन्या सुट्या भागांच्या डबीतून तशीच एक शोधून बसवली. आता चावी ओढायला नख लावावं लागत होतं. एवढ्याने काम भागलं असतं. बाही कितीही जोरात वर गेली तरी ही चावी सहज हलणार नव्हती.

पण चावी अजून कोपराकडेच होती. सुनेला रोज सकाळी घड्याळ काढून चावी द्यावी लागत होती, मला ते आत्ता कळत होतं. घड्याळ अर्धा फेरा फिरवायचं आणि डायल त्यावर सरळ बसवायची, म्हणजे चावी नऊजवळ येईल. तारीख नाही, छोटा सेकंदकाटा नाही, म्हणजे बाकी काही उलटं पडणार नव्हतं. अडचण एकच होती. डायलच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात, ते यंत्रातल्या ठरलेल्या भोकांत बसतात. फिरवलेली डायल त्या भोकांत बसत नाही. ते पाय छाटावे लागतात आणि डायल चिकटवून बसवावी लागते.

तीस वर्षं फ्लॅनेलमध्ये ठेवलेल्या डायलचे पाय छाटायचे. एकदा छाटले की छाटले.

मी चिमटा हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग दोन्ही पाय काढले, डायल चिकटवली, काटे बसवले. पट्ट्याचे दोन तुकडेही अदलाबदल केले, नाहीतर बकल उलट्या बाजूला गेलं असतं. त्यानंतर घरात सापडलेला सगळ्यात घट्ट स्वेटर घातला, घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं आणि दुकानात एकट्याने वीस वेळा बाही वर, वीस वेळा खाली केली. बाही वर जाताना आता चावी उलट आत दाबली जात होती. समोरचा चहावाला बराच वेळ बघत होता. बघू दे.

शनिवारी सून घरी आली ती जिना चढतानाच ओरडत होती. "दहाला तीन मिनिटं आधी, साडेअकराला दोन मिनिटं, दोनला बरोबर दोन वाजता! बाबा, टेबल माझं!"

बायकोने तिला मिठी मारली. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो, कारण उठलो असतो तर मीही मिठी मारली असती आणि मग घरात माझी पत राहिली नसती.

"आणि ह्याच्या काट्यांची दिशा वेगळी झाली का, चावी देताना?" तिने विचारलं. "सकाळी मी चुकून उलटी फिरवत होते."

"काटे तसेच. चावी ज्या दिशेने आधी भरायची त्याच दिशेने भरते, पण तू आता डाव्या बाजूने बघतेस. वरच्या बाजूने बाराकडे नाही, सहाकडे सरकव. सवय होईल."

तिने चावी माझ्यासमोर दिली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी, घड्याळ हातातून न काढता. लहानसा करकर आवाज आला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणून गेलो, "चुकलो ग मी. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

सून थबकली. मग गालात हसली. "परत म्हणा बाबा, आईंनी ऐकलं नाही."

"ऐकलं!" बायको आतून ओरडली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. किती वाजलेत ग? लिहून ठेवते."

सुनेने उजवं मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"सहा वाजून बारा मिनिटं, आई," ती म्हणाली. "आणि सेकंद पाहिजेत तर, तेही सांगते."